'कौटुंबिक अडचण' म्हणजे नेमकं काय?

मी अमरावतीत सरकारी नोकरीत. अम्मी अकोल्यात, आठवड्यातून तीनदा डायलिसिसवर. माझा पहिला बदली अर्ज 'कौटुंबिक अडचणीमुळे' एवढ्यावरच होता. तो पडून राहिला. नाव बघूनच बाजूला ठेवला, असं मला वाटलं. असेलही. पण अर्ज पुन्हा वाचला, तर मंजूर करणाऱ्याला लिहायला कारणच मी दिलं नव्हतं.

2005च्या बदली कायद्यात सर्वसाधारण बदल्या एप्रिल-मेमध्ये होतात. मध्येच करायची तर विशेष कारण लेखी नोंदवून वरच्या प्राधिकाऱ्याची पूर्वमान्यता लागते. ते कारण आपल्याच कागदांतून उचललं जातं.

दुसऱ्या अर्जात डायलिसिसचे वार लिहिले. जिल्हा शल्यचिकित्सकांचा दाखला आणि रेशनकार्ड जोडलं. एका कागदावर अम्मी 'बी', दुसऱ्यावर 'बेगम'. म्हणून दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्रही. घरी सांभाळायला दुसरं कुणी का नाही, तेही सांगितलं.

शेवटी लिहिलं: जागा रिकामी असेल तर आता, नाहीतर मेमध्ये, माझ्या जागी माणूस येईपर्यंत थांबतो, अकोला शहर नसेल तर मूर्तिजापूर चालेल, तिथून रोज रेल्वेने घरी जाता येतं. अर्ज दिला आणि आवक क्रमांकासह पोच घेतली.