६ लाखांचं पॅकेज, मग खात्यात ३८ हजारच का? सीटीसीचं गणित समजून घ्या

ऑफर लेटरवर वर्षाला ६ लाख रुपये लिहिलेले असतात. आपण लगेच १२ ने भागतो आणि महिन्याला ५० हजार मिळणार असं धरून चालतो. पहिला पगार मात्र ३८ हजारांच्या आसपास येतो. यात कंपनीने फसवलेलं असतंच असं नाही. सीटीसी म्हणजे कंपनीचा तुमच्यावर होणारा वर्षभराचा एकूण खर्च. तो सगळा तुमच्या खात्यात जमा होत नाही.

आता नव्या कामगार संहितांमुळे हे गणित पुन्हा चर्चेत आलं आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चारही संहिता लागू झाल्या आणि 'हातात येणारा पगार कमी होणार' असे मेसेज फिरू लागले. ते कितपत खरं आहे, हे एका उदाहरणातून पाहू.

आधी कंपनीचा वाटा बाजूला काढा

समजा, महाराष्ट्रात नोकरी आहे, सीटीसी ६ लाख आणि बेसिक सीटीसीच्या ४० टक्के, म्हणजे महिना २० हजार.

कंपनी तुमच्या पीएफमध्ये बेसिकच्या १२ टक्के भरते, ते झाले २,४०० रुपये. ग्रॅच्युइटीसाठी ती बेसिकच्या ४.८१ टक्के धरते, म्हणजे ९६२ रुपये. दर वर्षामागे १५ दिवसांचा पगार आणि महिन्याचे कामाचे २६ दिवस, या सूत्रातून हा आकडा येतो. कायम नोकरीत ही रक्कम साधारणपणे सलग पाच वर्षं पूर्ण झाल्यावरच मिळते. त्याआधी नोकरी सोडली तर सीटीसीतला हा आकडा कागदावरच राहतो. ग्रुप विम्याचा हप्ता ६३८ रुपये धरू. एकूण झाले ४,००० रुपये.

शिवाय या पॅकेजमध्ये वर्षाचे ६० हजार 'व्हेरिएबल' आहेत, म्हणजे महिन्याला ५,०००. ते कामगिरीवर आणि बहुतेकदा वर्षाच्या शेवटी मिळतात, तेही पूर्ण मिळतील याची हमी नसते.

५० हजारांतून हे ९,००० गेले की उरतात ४१,०००. हा झाला ग्रॉस पगार: बेसिक २०,०००, घरभाडे भत्ता ८,००० आणि स्पेशल अलाउन्स १३,०००.

मग तुमची कपात

पीएफमध्ये तुमचाही १२ टक्के वाटा असतो, म्हणजे आणखी २,४०० रुपये. अनेकांची गफलत इथेच होते. पीएफ दोनदा जातो: कंपनीचा वाटा सीटीसीतून आणि तुमचा ग्रॉसमधून. व्यवसाय कर २०० रुपये, फेब्रुवारीत ३००. नव्या करप्रणालीत एवढ्या पगारावर आयकर लागत नाही.

हातात येतात ३८,४०० रुपये.

५० टक्क्यांच्या नियमाने काय बदलतं?

नव्या व्याख्येनुसार घरभाडे भत्ता, कंपनीचा पीएफ यांसारखे वगळलेले घटक एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त झाले, तर वरची रक्कम 'वेतन' म्हणून मोजली जाते. त्यामुळे बेसिक कमी ठेवून भत्ते फुगवण्याचा फायदा उरत नाही.

आपल्या उदाहरणात कंपनीने बेसिक २५ हजार केला आणि सीटीसी तेवढाच ठेवला, असं धरू. दोन्ही बाजूंचा पीएफ ३,००० होईल आणि ग्रॅच्युइटी १,२०३. हातात येतील ३६,९५९ रुपये, म्हणजे १,४४१ ने कमी. पण त्यातले १,२०० तुमच्याच पीएफ खात्यात जातात आणि उरलेले २४१ ग्रॅच्युइटीत.

मात्र सगळ्यांचा पगार असा कमी होणार नाही. पीएफसाठी कायद्याने १५ हजारांची वेतनमर्यादा आहे. अनेक कंपन्या तेवढ्यावरच १२ टक्के, म्हणजे १,८०० रुपये भरतात. तिथे बेसिक २० चा २५ हजार झाला तरी पीएफ १,८०० च राहतो. फरक पडतो तो फक्त ग्रॅच्युइटीच्या २४१ रुपयांचा.

सही करण्याआधी एचआरला हे विचारा

- पीएफ पूर्ण बेसिकवर कापणार की १५ हजारांवर?
- व्हेरिएबल किती आणि कधी मिळतं? गेल्या वर्षी सरासरी किती टक्के दिलं?
- सीटीसीत ग्रॅच्युइटी, विमा, जॉइनिंग बोनस धरला आहे का? जॉइनिंग बोनस एकदाच मिळतो, त्यामुळे दुसऱ्या वर्षी आकडा घसरतो.

दोन ऑफरची तुलना करताना सीटीसी पाहू नका. दोन्हींचा ग्रॉस काढा, त्यातून तुमचा पीएफ, व्यवसाय कर आणि लागू असेल तर आयकर वजा करा. ६ लाखांच्या ऑफरमध्ये व्हेरिएबल मोठं असेल, तर साडेपाच लाखांची ऑफर दरमहा जास्त पैसे देऊ शकते.