'कोकणी रेसिपी' नको, पोपटी लिहा!

अलिबागच्या एका ताईंनी मासिकाच्या वेबसाइटला पाठवायचा ईमेल मला दाखवला. विषय: 'कोकणी रेसिपी मालिका'. माझ्या मते गडबड इथेच आहे, असं तर कुणीही लिहील. त्याऐवजी पहिल्याच ओळीत पोपटी आणा: मडक्यात वालाच्या शेंगा, भांबुर्ड्याचा पाला, पाण्याचा थेंब नाही. शहरात भांबुर्डा कुठून आणायचा, हे संपादक विचारणारच. केळीचं पान चालेल, पण तो वास येणार नाही, हे आधीच सांगून टाका. पोपटी थंडीतली, म्हणून ईमेल ऑक्टोबरमध्येच जायला हवा. पुढच्या भागांची फक्त नावं द्या, पहिला मात्र पूर्ण लिहून जोडा. आणि मानधन? होकार आल्यावर विचारा, पण विचाराच!