ठरावातील सहीचा शब्द

आम्ही दोघा भावांनी कापडाच्या पेढीची प्रायव्हेट लिमिटेड कंपनी केली. चालू खात्यासाठी संचालक मंडळाच्या ठरावाचा उतारा बँकेत दिला. त्यात ‘संचालकांनी खाते चालवावे’ एवढेच होते. बँकेने विचारले, सही एकाची की दोघांची? आम्ही घाईने नव्या ठरावात ‘दोघांची’ लिहिले. पुढे भाईजान हजला गेले आणि सूतवाल्याचे चेक 40 दिवस अडकले. आम्ही बँकेला पत्र दिले, पण ते चालले नाही. सहीचा अधिकार ठरावाने मिळतो, पत्राने नाही.

म्हणून आमचे मत असे की, सहीचा नियम ठरावातच आकड्यासह लिहावा: 50,000 रुपयांपर्यंत कोणाही एकाची, त्यावर दोघांची. उतारा लेटरहेडवर असावा. त्यावर सभेची तारीख, ठिकाण आणि ‘खरी नक्कल’ म्हणून संचालकाची सही असावी. हाच ठराव सभेच्या इतिवृत्तातही शब्दशः हवा. सोबतचे पत्र मात्र छोटे पुरे: खाते उघडण्याची विनंती, ठरावाची तारीख आणि जोडलेल्या कागदांची यादी.

प्रवासाला निघण्यापूर्वी व्यापारी भावांनी आपला ठराव एकदा काढून वाचावा. बदल हवा असेल तर दोघे गावात असतानाच सभा घ्यावी.