चेहरा दिसला पाहिजे, ओळ वाचता आली पाहिजे

६ डिसेंबरला चैत्यभूमीवर पुस्तक कसं विकलं जातं ते आपण सगळ्यांनी पाहिलंय. माणूस स्टॉलसमोर थांबतो, मधलंच एखादं पान उघडतो, दोन ओळी वाचतो. ओळ आत घुसली तर खिशात हात घालतो, नाहीतर पुढं सरकतो. तिथं बासरी वाजत नाही की मेणबत्ती पेटत नाही. पुस्तकासाठी फोनवर व्हिडीओ काढायचा तर त्यानं एवढंच करावं: ते एक पान उघडून दाखवावं. चाळीस सेकंद पुरे.

आपली पोरं मात्र करतात भलतंच. मावळता सूर्य, रडकं संगीत, नक्षीदार अक्षरं, आणि कवीचा चेहरा फिल्टर लावून गोरा केलेला. ज्या कातडीवर कविता लिहिली ती कातडीच पुसून टाकायची? हा कसला प्रचार?

म्हणून पहिली गोष्ट उजेडाची. रंगीत फिल्मच्या जमान्यात कोडॅक कंपनी रंग जुळवायला लॅबना गोऱ्या बाईचा फोटो पाठवायची. त्याला शर्ली कार्ड म्हणत. माप तिचं, त्यात बसायचं आपण. आजचा फोन तसा नाही, पण समोरचा उजेड सरासरीनं मोजायची त्याची खोड आहे. काळा माणूस पांढऱ्या भिंतीपुढं उभा केला की फोनला वाटतं उजेड फार झाला. तो सगळंच अंधारतो, आणि डोळ्यांच्या जागी दोन खड्डे उरतात. यावर महागडा दिवा नको. मागं गडद चादर टांगा, भिंतीपासून दोन-तीन हात पुढं या. खिडकी पाठीमागं नको, तोंडासमोर थोडी तिरकी ठेवा. दुसऱ्या गालावर सावली फार पडली तर त्या बाजूला थर्माकोलचा पांढरा तुकडा धरा. मग स्क्रीनवर चेहऱ्यावर बोट दाबून ठेवा, बहुतेक फोनमध्ये उजेडाचं माप तिथंच अडकतं. शेजारी सूर्याची खूण येते, ती वर-खाली सरकवून डोळे स्पष्ट दिसतील आणि कपाळ पांढरं फटक पडणार नाही इतपत ठेवा. ट्यूबलाइटखाली चित्रावर पट्टे सरकताना दिसले तर ती विझवा, दिवसा खिडकीपाशी या. आणि ते गोरं करणारं फिल्टर बंद म्हणजे बंद.

दुसरी गोष्ट अक्षरांची, आणि माझ्या मते तीच मोठी. लोकलच्या गर्दीत माणूस आवाज बंद ठेवून बघतो. अक्षरं नीट नसली तर त्याच्यासाठी तुम्ही मुके. आपोआप अक्षरं उमटवणाऱ्या सोयीवर विसंबू नका. ती 'हाय'चं 'आहे' करून ठेवते, म्हणजे आपली जीभ सदाशिव पेठेत धुऊन आणते. स्वतः टाइप करा. फॉन्ट साधा घ्या. मुंबईच्या एक टाइपनं केलेला 'मुक्त' फुकट मिळतो, चांगला आहे. अक्षराला जाड काळी कडा देऊ नका, ती अनुस्वार आणि रफार गिळते. त्यापेक्षा मागं काळी पट्टी, वर पांढरं अक्षर. दोन ओळींत अंतर जास्त ठेवा, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या वेलांटीत अडकतो. आणि पट्टी तळाला चिकटवू नका, तिथं नावं आणि बटणं येऊन बसतात.

माझ्या संग्रहाचा व्हिडीओ आम्ही असा केला. फोन उभा, मागचा कॅमेरा, आधी काच पुसलेली. पहिली ३ सेकंदं नुसती ओळ:

दोरखंडाला इचार माझं नाव
त्याच्या पिळात माझी कातडी हाय

पुढची २२ सेकंदं मी सहा ओळी वाचतो. एका वेळी एकच ओळ पडद्यावर, सावकाश वाचून होईपर्यंत. मग ८ सेकंदं मुखपृष्ठ आणि उघडलेलं पान. मुखपृष्ठ चकचकीत, त्यात खिडकीच उमटत होती. पुस्तक थोडं कलतं धरलं तशी ती गेली. शेवटची ७ सेकंदं नाव, किंमत, कुठं मिळेल आणि फोन नंबर. हलणारं काही नाही, कारण नंबर उतरून घ्यायला माणसाला वेळ लागतो.

मग पारख. आवाज बंद करून, घरातल्या सगळ्यात लहान फोनवर, भर उन्हात, कविता न वाचलेल्या माणसाला दाखवला. त्यानं पहिली ओळ न अडखळता मोठ्यानं वाचली, शेवटी किंमत सांगितली. तो अडखळला असता तर अक्षरं बदलली असती, माणूस नाही.

कुणी म्हणेल, हा बाजार झाला, क्रांतीच्या पुस्तकाला जाहिरात कशाला? दोस्तांनो, पलंगाखाली गठ्ठ्यात पडलेलं पुस्तक क्रांती करत नाही, वाळवी पोसतं. पण चेहरा गोरा करून आणि बोली धुऊन विकणार असाल, तर ते तिथंच पडू दे.