पोरसी ते चौविहार : एका ताटाचा हिशेब

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचा व्यापार करणाऱ्या एका बावन्न वर्षांच्या गृहस्थांनी गेल्या वर्षी इंटरमिटंट फास्टिंगचा प्रयोग सुरू केला. सोळा तास उपाशी राहायचे आणि उरलेल्या आठ तासांत जेवण आटोपायचे, एवढेच त्यांना एका स्नेह्याने सांगितले होते. त्याप्रमाणे त्यांनी सकाळचा नाश्ता बंद केला, पहिला घास दुपारी बारा वाजता घेऊ लागले आणि रात्री आठ वाजता घरच्यांबरोबर जेवू लागले. महिन्याभरात वजन तसूभरही हलले नाही. रात्री छातीत जळजळ होऊ लागली आणि सूर्यास्तानंतर कधीही न जेवणाऱ्या त्यांच्या मातोश्री एकट्याच साडेपाचला ताटावर बसू लागल्या, ते वेगळेच.

चूक उपवासाची नव्हती, आहारकाळ कोठे मांडला याची होती. बारापर्यंत उपाशी राहिलेला माणूस दुपारी दुकानात घाईने थोडे खातो आणि दिवसभराची भूक रात्रीच्या ताटावर काढतो. रात्री आठला पोटभर जेवून दहाला आडवे झाले की जळजळ होणारच. शिवाय आहारकाळ आखल्याने वजन आपोआप उतरते, ही समजूतही पुरती खरी नाही. चीनमध्ये स्थूल व्यक्तींवर वर्षभर झालेला आणि 2022 साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास या बाबतीत बोलका आहे. त्यात 139 व्यक्तींचे दोन गट होते. दोघांनाही आहार सारखाच कमी करण्यास सांगितले होते, परंतु एका गटाला तो सकाळी आठ ते दुपारी चार या वेळेतच घ्यायचा होता. वर्षअखेरीस दोन्ही गटांच्या वजनात लक्षणीय फरक आढळला नाही. अर्थ असा की घड्याळ हे केवळ कुंपण आहे. कुंपणाच्या आत किती आणि काय खाल्ले, यावरच निकाल ठरतो.

जैन घराला हे कुंपण नव्याने आखावे लागत नाही. संध्याकाळची सीमा चौविहाराने ठरलेली आहे आणि सकाळची सीमा पोरसीने ठरवता येते. पोरसी म्हणजे सूर्योदयापासून एक प्रहर, अर्थात दिनमानाचा चौथा भाग. डिसेंबरच्या मध्यास सांगलीत सूर्य सातच्या किंचित आधी उगवतो आणि सहाच्या सुमारास मावळतो. दिनमान सुमारे अकरा तास आठ मिनिटांचे, त्याचा चतुर्थांश पावणेतीन तासांहून थोडा अधिक. म्हणजे पोरसी सुमारे 9.40 वाजता येते. तेथून सूर्यास्तापूर्वीच्या पावणेसहापर्यंत मोजले तर सुमारे आठ तास भरतात. जूनमध्ये सूर्योदय सहाला, सूर्यास्त सातनंतर आणि पोरसी सव्वानऊच्या आसपास. तेव्हा हाच आहारकाळ साडेनऊ तासांचा होतो. हिवाळ्यात सोळा तासांचे आणि उन्हाळ्यात साडेचौदा तासांचे अंतर मिळते, आणि उष्म्यात पाण्यासाठी दोन घटका जास्त मिळाव्यात हे सोयीचेच आहे.

या गृहस्थांनी दुसऱ्या खेपेस हिशेब उलट्या टोकाने मांडला. प्रथम कुटुंबाच्या जेवणाची वेळ निश्चित केली, साडेपाच. यार्डातील सौदे दुपारीच आटोपतात, त्यामुळे ते पाचला घरी येऊन जेवतात आणि पुन्हा पेढीवर जाऊन सातपर्यंत वही पूर्ण करतात. मुलाला दुकान सोडता येत नाही. आठवड्यातील चार दिवस त्याचा डबा पेढीवर जातो आणि उरलेले तीन दिवस सर्वजण एकत्र बसतात. यापेक्षा अधिक आग्रह धरला असता तर हा क्रम दोन आठवडेही टिकला नसता.

आता ताटाकडे वळू. संध्याकाळचे जेवण घरात सर्वांसाठी जे शिजेल तेच. त्यांच्यासाठी निराळी भाजी नाही की निराळा पदार्थ नाही. बदल केवळ प्रमाणात आहे. अर्धे ताट भाजीचे, एक वाटी वरण किंवा आमटी, आणि धान्याचा एकच पदार्थ. फुलके असतील तर दोन, खिचडी असेल तर दीड वाटी, मात्र फुलक्यांवर पुन्हा भात नाही. कच्च्या केळ्याची पावभाजी झाली तर पाव एक आणि भाजी दुप्पट. खिचडी-कढीच्या दिवशी कढीचे दही आधी कडकडीत गरम करून मगच त्यात बेसन घालण्याची घरातील रीत आहे, तीच पुढे चालू राहते. नातवंडांना आजोबांचे ताट वेगळे दिसत नाही, हा या मांडणीचा मोठा लाभ. वेगळे ताट वाढले की घरात दोन चुली होतात, आणि स्वयंपाक करणाऱ्या सुनेवर त्याचा भार पडतो.

संध्याकाळचे ताट हलके ठेवायचे असेल तर सकाळचे भरीव असावे लागते. हीच गोष्ट पहिल्या प्रयोगात निसटली होती. जैन आहारात अंडी नाहीत, कंदमुळे नाहीत, आणि अनेक घरांत मोड आलेली कडधान्येही वर्ज्य असतात. प्रथिनांचा भार डाळी, बेसन, दूध, दही आणि पनीर यांवरच येतो. पोरसीनंतर ते प्रथम दोन पेले कोमट पाणी सावकाश घेतात आणि दहाच्या सुमारास मूठ-दीड मूठ मूगडाळ भिजवून केलेली तीन धिरडी, त्यांच्यासोबत ओल्या नारळाची चटणी आणि दुधाचा चहा. कधी धिरड्यांऐवजी पनीर घातलेले ज्वारीचे थालीपीठ. सकाळी पोहे किंवा खाकरा-चहावर भागवले तर बारालाच भूक लागते आणि दुपारी फरसाणाचा डबा उघडला जातो, हा त्यांचा अनुभव आहे.

येथे एक दक्षता घ्यावी लागते. मासिकांतून येणाऱ्या आहारतक्त्यांत डाळीच्या धिरड्यांबरोबर दही सर्रास सुचवलेले असते. द्विदल पाळणाऱ्या घरात कच्चे दही किंवा ताक डाळीबरोबर घेता येत नाही. म्हणून दुपारी दीडच्या डब्यात एक ज्वारीची भाकरी किंवा दोन फुलके, दोडका, दुधी किंवा गवारीची भाजी आणि घट्ट वरण असते, आणि ताक त्यापासून अलग करून साडेतीनला एक मोठा पेला, सोबत मूठभर शेंगदाणे किंवा सात-आठ बदाम. तिथीला हिरवी भाजी नसते, त्या दिवशी अर्ध्या ताटाची जागा रिकामी राहते. ती भात वाढवून न भरता अख्ख्या मुगाच्या किंवा चण्याच्या उसळीने भरली तर प्रमाण बिघडत नाही.

सर्वांत अधिक चुका पाण्याच्या बाबतीत होतात. बाहेरच्या पद्धतीत उपवासाच्या सोळा तासांत पाणी मुक्तपणे चालते. चौविहार आणि पोरसी पाळणाऱ्यास सर्व पाणी आठ तासांतच घ्यावे लागते. पहिल्या पंधरवड्यात या गृहस्थांचे डोके दुपारी जड होई, मलावरोध झाला आणि लघवी गडद पिवळी होऊ लागली. कारण उपवास नव्हता, कामाच्या ओघात पाणी राहून जात होते. त्यांनी पेढीवर दोन लिटरचा तांब्या ठेवला. उकाळलेले पाणी दुपारी एकपर्यंत अर्धे आणि पाचपर्यंत उरलेले संपवायचे, असा नेम केला. लघवीचा रंग फिका झाला की पाणी पुरते आहे असे समजावे. ज्याला मूतखड्याचा त्रास होऊन गेला आहे त्याने चौविहाराऐवजी तिविहार घेऊन रात्री पाण्याची मुभा ठेवावी आणि तेही वैद्यकीय सल्ल्याने.

या घरातील एक प्रसंग मात्र सर्वांनी लक्षात ठेवावा. गृहस्थांचे धाकटे बंधू मधुमेही आहेत. दादांचा लाभ पाहून त्यांनीही सकाळचे खाणे 9.40 पर्यंत लांबवले. पच्चक्खाण घेतले नव्हते, केवळ वेळ पाळत होते. ग्लिमेपिराइडची गोळी मात्र नेहमीप्रमाणे साडेसातलाच घेतली. नऊच्या सुमारास यार्डात त्यांना दरदरून घाम सुटला, हात थरथरू लागले आणि पुढ्यातील आकडे जुळेनात. शेजारच्या व्यापाऱ्याने प्रसंग ओळखून साखरेचे पाणी पाजले, म्हणून निभावले. ही गोळी अन्न पोटात गेले नाही तरी रक्तातील साखर खाली आणते. इन्सुलिनचेही तसेच. केवळ मेटफॉर्मिन घेणाऱ्यास हा धोका पुष्कळच कमी असतो, परंतु औषधाच्या वेळा स्वतः ठरवणे कोणालाही योग्य नाही. डॉक्टरांनी बंधूंची गोळी पहिल्या जेवणाशी जोडली, मात्रा कमी केली आणि त्यांच्यासाठी पोरसीऐवजी नवकारशी, म्हणजे सूर्योदयानंतर 48 मिनिटे, एवढीच सीमा ठेवण्यास सांगितले. संध्याकाळी साडेपाचच्या पंक्तीला ते आजही असतात. एका घरात एकच आहारकाळ सर्वांना लागू करण्याची आवश्यकता नाही. गर्भवती आणि स्तनदा माता, वाढत्या वयाची मुले आणि वजन घटलेले वृद्ध यांनी तर वजन उतरवण्यासाठी या वाटेला जाऊच नये.

येथेच व्रत आणि पथ्य यांतील भेदही स्पष्ट होतो. पथ्य प्रकृतीप्रमाणे सैल करता येते. पच्चक्खाण घेतले की तो शब्द दिलेला असतो. म्हणून पहिले तीन-चार आठवडे केवळ वेळ पाळून पाहावे, शरीर रुळले तरच पच्चक्खाण घ्यावे. पोरसीच्या पच्चक्खाणात तीव्र आजारपणी औषधाची मुभा आगाराच्या रूपाने पूर्वसूरींनी ठेवलेलीच आहे. तिचा अर्थ गुरुमहाराजांकडून समजून घ्यावा, आणि घाम, थरथर किंवा चक्कर आली असता नियमाच्या भीतीने साखर नाकारू नये. वजनासाठी केलेल्या नियमाला तप म्हणू नये, हेही या गृहस्थांच्या मातोश्रींनी त्यांना पहिल्याच आठवड्यात सांगितले होते.

चार महिन्यांत त्यांचे वजन साडेतीन किलोने उतरले. पहिल्या महिन्यात दीड, नंतर मंदगतीने. लग्नसराईत आठ-दहा दिवस क्रम मोडला, तेव्हा एक किलो परतही आले. जळजळ मात्र दुसऱ्या आठवड्यातच थांबली, कारण जेवण आणि निद्रा यांत आता चार तासांहून अधिक अंतर राहते. दर पंधरा दिवसांनी ते पंचांगातील सूर्योदय-सूर्यास्त पाहून पोरसीची नवी वेळ स्वयंपाकघरातील दिनदर्शिकेवर लिहून ठेवतात. साडेपाचला ताटे मांडण्याचे काम मातोश्रींनी स्वतःकडे घेतले आहे. एकट्याने जेवण्याची वेळ त्यांच्यावर आता येत नाही.