विश्लेषण : दहा वर्षांच्या मुलाला ‘सीझन बॉल’ खेळवताना आधी काय घ्यावे? बॅट की हेल्मेट?

माळशिरस तालुक्यातील श्रीपूर येथील एका पालकाने मुलाच्या क्रिकेट प्रशिक्षकाला अलीकडेच एक पत्र लिहिले. मुलगा दहा वर्षांचा. आजवर तो कारखान्याच्या वसाहतीत टेनिस बॉलने खेळला, यंदा पहिल्यांदाच सीझन बॉलचा, म्हणजे चामड्याच्या कडक चेंडूचा सराव सुरू करणार आहे. पत्रातील प्रश्न साधा आहे : ‘सर, सगळे किट एकदम घेणे जमणार नाही. आधी काय घेऊ? आणि मोठ्या चुलतभावाचे हेल्मेट चालेल का?’ हा प्रश्न एका घरापुरता नाही. उन्हाळी शिबिरे सुरू झाली की तालुक्या-तालुक्यांतील पालक दुकानात उभे राहून हाच प्रश्न विचारतात आणि बहुतेक जण पहिली बॅट घेऊन घरी येतात. हा क्रम उलटा असायला हवा, हे या लेखाचे म्हणणे.

टेनिस बॉल आणि सीझन बॉलमध्ये नेमका फरक किती?

टेनिसचा चेंडू साधारण ५६ ते ५९ ग्रॅम वजनाचा असतो. तो अंगावर आदळला की स्वतः चेपतो आणि माराचा जोर बराचसा स्वतःच पचवतो. चामड्याचा चेंडू चेपत नाही. सगळा मार हाडावर येतो. पुरुषांच्या सामन्यातील चेंडू १५६ ते १६३ ग्रॅमचा असतो. मात्र क्रिकेटचे नियम करणाऱ्या मेरिलिबोन क्रिकेट क्लबने १३ वर्षांखालील मुलांसाठी वेगळा चेंडू सांगितला आहे. त्याचे वजन १३३ ते १४४ ग्रॅम आणि परीघ २०.५ ते २२ सेंटिमीटर.

म्हणून या पालकाने सरांना विचारायचा पहिला प्रश्न हेल्मेटचा नाही, चेंडूचा आहे. ‘सरावाला कोणता चेंडू वापरता?’ अनेक शिबिरांत लहान-मोठ्या सर्वांना एकाच पेटीतील मोठा चेंडू दिला जातो. दहा वर्षांच्या मुलाला तो जड जातो, त्याच्या बोटांत नीट मावत नाही आणि झेल घेताना बोटे दुखावतात. लहान चेंडू मागवणे हा पालकाचा नव्हे, प्रशिक्षकाचा खर्च आहे आणि तो सर्वांत स्वस्त संरक्षण आहे.

सर्वांत आधी कोणती वस्तू घ्यावी?

सेंटर गार्ड. काहीशे रुपयांत मिळणारी ही वस्तू मुले लाजेपोटी टाळतात आणि पालक विसरतात. मे २०२४ मध्ये पुण्याजवळच्या लोहगावात मित्रांसोबत खेळताना ११ वर्षांच्या एका मुलाच्या गुप्तांगावर चेंडू लागला आणि त्याचा मृत्यू झाला. तो फलंदाजी करत नव्हता, गोलंदाजी करत होता. समोरच्याने मारलेला चेंडू सरळ त्याच्याकडे आला. आपण गार्डला फलंदाजाची वस्तू समजतो, पण चेंडू टाकून पुढे आलेला गोलंदाज फलंदाजाच्या सर्वांत जवळ, समोरासमोर आणि तोल सावरत असतो. त्याच्या अंगावर काहीच नसते. त्यामुळे कडक चेंडूच्या सरावात प्रत्येक मुलाने, गोलंदाज आणि यष्टिरक्षकानेही, गार्ड घालावे, असा नियम प्रशिक्षकानेच करावा. सगळ्यांनी घातले की लाजही उरत नाही.

गार्ड मुलांच्याच मापाचे हवे आणि ते खिसा असलेल्या खास चड्डीतच बसवावे. साध्या अंतर्वस्त्रात नुसते ठेवले तर धावताना ते सरकते आणि कडेवर मार बसतो. ही वस्तू स्वतःचीच असावी, क्लबच्या पिशवीतील सामाईक नको. मुलींसाठीही वेगळ्या आकाराचे गार्ड मिळते.

एवढे करूनही मार लागला तर? थोड्या वेळात वेदना ओसरली तर ठीक. पण तासाभरानंतरही ती कायम असेल, सूज येत असेल किंवा मुलगा उलटी करत असेल तर घरी बर्फ लावत बसू नये. वृषणाला पीळ पडला असेल तर शस्त्रक्रियेसाठी हाताशी साधारण सहा तास असतात. अकलूजसारख्या जवळच्या मोठ्या गावातील रुग्णालयात लगेच जावे. मुलगा लाजून सांगत नाही, हाच खरा धोका असतो. त्याला हे आधीच सांगून ठेवावे.

चुलतभावाचे हेल्मेट का चालणार नाही?

पत्रातील हा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे आणि त्याचे उत्तर चेंडूच्या मापात आहे. मोठा चेंडू साधारण ७.१ ते ७.३ सेंटिमीटर व्यासाचा असतो, तर मुलांचा साडेसहा ते सात सेंटिमीटर. मोठ्यांच्या हेल्मेटमध्ये वरची झापड आणि खालची लोखंडी जाळी यांतील फट मोठा चेंडू अडेल अशी ठेवलेली असू शकते. लहान चेंडू त्याच फटीतून आत घुसू शकतो, कारण धडकेच्या क्षणी जाळी थोडी वाकते आणि फट रुंदावते. तो आत आला की थेट डोळा किंवा नाकाचे हाड. हेल्मेट डोक्यावर असूनही चेहरा फुटण्याचे हे कारण आहे.

ब्रिटनचे ‘बीएस ७९२८:२०१३’ हे मानक याच कारणासाठी मोठ्या आणि लहान चेंडूंनी जाळीची वेगवेगळी चाचणी घ्यायला लावते. हेल्मेटच्या आतील पट्टीवर हा क्रमांक आणि ते मुलांच्या चेंडूसाठी तपासले आहे की नाही, हे लिहिलेले असते. पट्टीच नसेल तर ते हेल्मेट घेऊ नये. जाळी वर-खाली करता येत असेल तर ‘नीट दिसत नाही’ म्हणून ती खाली सरकवू नये.

आता मापाचे उदाहरण घेऊ. शिंप्याची टेप भुवयांच्या दोन बोटे वर ठेवून डोक्याभोवती फिरवा. समजा माप ५३ सेंटिमीटर आले. तर ज्या हेल्मेटच्या मापात ५३ हा आकडा मध्यावर येतो ते घ्यावे. ‘पुढच्या वर्षीही चालेल’ म्हणून मोठे घेण्याचा मोह इथे महागात पडतो. हेल्मेट घातल्यावर हनुवटीचा पट्टा न लावता मुलाला मान डावी-उजवी हलवायला सांगा. हेल्मेट डोक्यासोबत वळले पाहिजे, मागे राहता कामा नये. झापड भुवयांच्या जरा वर यावी. मग पट्टा लावा. जुने हेल्मेट जोरदार मार खाल्लेले असेल तर वरून तडा दिसला नाही तरी ते बाद समजावे, कारण आतला थर एकदा दबला की पुढचा मार पचवत नाही.

मानेचे काय? २५ नोव्हेंबर २०१४ रोजी सिडनीत फिल ह्यूज हेल्मेट घालूनच खेळत होता. आखूड चेंडू मारताना तो वळला आणि चेंडू हेल्मेटच्या खाली, मानेवर लागला. दोन दिवसांनी त्याचा मृत्यू झाला. त्यानंतर मानेचे कवच जोडलेली हेल्मेट आली. दहा वर्षांच्या गोलंदाजांचा वेग तेवढा नसतो, हे खरे. पण टेनिस बॉलवर वाढलेला मुलगा उसळता चेंडू आला की डोळे मिटून तोंड फिरवतो आणि मान उघडी पाडतो. म्हणून मानेचे कवच जोडता येईल असे हेल्मेट मिळत असेल तर तेच घ्यावे.

पॅड आणि ग्लोव्हज कसे निवडावेत?

पॅड उभे धरून बघू नयेत, बांधून बघावेत. गुडघ्याची वाटी पॅडच्या गुडघ्यासाठी केलेल्या जाड भागाच्या बरोबर मागे आली पाहिजे. वाटी खाली राहिली तर पॅड मोठे आहे. असा मुलगा धाव घेताना अडखळून पडतो. ग्लोव्हजमध्ये बोटांची टोके शेवटाशी पोचली पाहिजेत. पुढे रिकामी जागा राहिली तर बॅटची मूठ घट्ट पकडता येत नाही आणि बोटावरचे संरक्षक ठोकळे बोटाच्या जागेवर राहत नाहीत. हे दोन्ही क्लबच्या पिशवीतले चालतील, पण माप बरोबर असेल तरच. मांडीचे पॅड नंतर घेतले तरी चालते. बॅट मात्र शेवटी. पहिले काही महिने क्लबची हलकी बॅट पुरते.

सगळा भार पालकावरच का?

माझे मत स्पष्ट आहे. किट हा शेवटचा बचाव आहे. त्याआधीचा बचाव मैदानावर असतो आणि तो प्रशिक्षकाच्या हातात असतो. जानेवारी २०२४ मध्ये मुंबईत माटुंग्याच्या मैदानावर क्षेत्ररक्षण करणाऱ्या ५२ वर्षांच्या गृहस्थांच्या डोक्याला शेजारच्या सामन्यातील चेंडू लागला आणि त्यांचा जीव गेला. एकाच मैदानावर दोन खेळ सुरू असतील तर कोणतेही हेल्मेट पुरेसे नाही. आपल्याकडे तर एकाच नेटमध्ये सतरा वर्षांचा मुलगा गोलंदाजी करतो आणि दहा वर्षांचा फलंदाजी.

म्हणून त्या पालकाने पत्रात आणखी चार गोष्टी विचाराव्यात. लहान मुलांचे नेट वेगळे आहे का? फाटलेली जाळी शिवली जाते का? मॅटिंग प्रत्येक वेळी खिळे ठोकून ताणले जाते का, कारण सैल मॅटिंगच्या वळीवर पडलेला चेंडू कुठेही उसळतो. आणि जवळच्या क्षेत्ररक्षकाबद्दल नियम काय? इंग्लंडमध्ये १३ वर्षांखालील मुलाला, यष्टीमागची ऑफ बाजू सोडली तर, फलंदाजाच्या यष्टीपासून ११ यार्डांच्या आत उभे करता येत नाही. भारताचा रमण लांबा अनुभवी खेळाडू होता. १९९८ मध्ये ढाक्यात शॉर्ट लेगला हेल्मेटविना उभा असताना डोक्याला चेंडू लागून तो गेला. दहा वर्षांच्या मुलाला त्या जागी उभे करण्यात कसले शौर्य?

राहिला प्रश्न उन्हाचा. सोलापूरच्या एप्रिल-मेमध्ये हेल्मेट नकोसे होते आणि मुले ते काढून ठेवतात. त्यावर उपाय हेल्मेट काढणे नव्हे, सराव सकाळी लवकर घेणे आणि प्रत्येकाची फलंदाजीची पाळी लहान ठेवणे हा आहे.

तेव्हा श्रीपूरच्या त्या पालकासाठी क्रम असा : आधी गार्ड, मग मापाचे हेल्मेट, त्यानंतर ग्लोव्हज आणि पॅड, बॅट सर्वांत शेवटी. आणि सरांसाठी : हेल्मेट आणि गार्ड नसलेल्या मुलाला त्या दिवशी नेटमध्ये घेऊ नये. तो रडेल, पालक नाराज होतील. पण पुढच्या दिवशी तो गार्ड घालून येईल.