‘शिकवा’ आणि ‘जवाब’ : आठ जणांचे अभिवाचन

9 नोव्हेंबरला अल्लामा इक्बाल यांचा जन्मदिवस ‘यौम-ए-उर्दू’ म्हणून साजरा होतो. औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, अशा कार्यक्रमात ‘शिकवा’ हमखास ऐकू येतो. पण आपल्या घरांतली बरीच मुले आता मराठी माध्यमात शिकतात. त्यांना शब्दांचा डौल जाणवतो, अर्थ मात्र निसटतो. म्हणून या वेळी आम्ही एक वेगळी मांडणी सुचवतो. आठ जणांनी मिळून ‘शिकवा’ आणि ‘जवाब-ए-शिकवा’ या दोन्ही नज्मांचे अभिवाचन करावे आणि मधून मधून मराठीत अर्थ सांगावा.

या दोन नज्मा मुळातच जाहीर सभेत ऐकवलेल्या आहेत. 1910 साली इक्बाल हैदराबादला आले होते आणि त्याच प्रवासात खुलताबादला आलमगीर यांच्या कबरीवरही जाऊन आले. पुढच्याच वर्षी लाहोरमध्ये अंजुमन-ए-हिमायत-ए-इस्लामच्या जलशात त्यांनी ‘शिकवा’ वाचला. बंदा थेट अल्लाहकडे तक्रार करतो, हे काहींना रुचले नाही. 1913 साली लाहोरच्याच मोची दरवाजाबाहेरच्या सभेत ‘जवाब’ आला. म्हणजे एक तक्रार आणि एक उत्तर, असे हे सरळ नाट्य आहे.

दोन्ही नज्मा मुसद्दस आहेत. प्रत्येक बंदात सहा मिसरे असतात. पहिल्या चारांचे यमक एक आणि शेवटच्या दोनांचे वेगळे. वाटणी इथेच होऊन जाते. पहिले चार मिसरे एकाने म्हणायचे आणि शेवटचे दोन सगळ्यांनी उचलायचे. पोवाड्यात झीलकरी किंवा कव्वालीत हमनवा जे काम करतात, तेच इथे कोरस करतो. मात्र टाळी नको आणि चालही नको. मर्सिया जसा ‘तहतुल-लफ्ज’ म्हणजे न गाता वाचतात, तसेच वाचावे.

पहिला प्रश्न काटछाटीचा. ‘शिकवा’चे 31 बंद आणि ‘जवाब’चे 36, म्हणजे एकूण 402 मिसरे होतात. एका बंदाला अर्धा मिनिट धरला तरी नुसत्या वाचनाला तेहतीस-चौतीस मिनिटे लागतात. अर्थ सांगण्याचा वेळ त्यात धरलेला नाही. आमच्या हिशेबाने ‘शिकवा’तले 11 आणि ‘जवाब’मधले 13 बंद पुरेत. त्यांना 12 मिनिटे आणि मराठी निवेदनाला 8 मिनिटे लागतील.

कापताना एक मोह होतो. पूर्वजांच्या पराक्रमाचे बंद ठेवले की टाळ्या मिळतात, म्हणून ‘जवाब’मधले बोचरे बंद गळतात. तसे केले तर निव्वळ तक्रार उरते. सय्यद, मिर्झा, अफगाण अशा बिरुदांवरून विचारलेला प्रश्न आणि मशिदीत आता फक्त गरीबच सफ भरतात असे सुनावणारा बंद, हे दोन तरी राहिलेच पाहिजेत. पुढची सगळी मांडणी त्यांच्यावर उभी आहे.

आता आवाज. ‘शिकवा’ची सुरुवात ‘मी’ने होते, पण कवी लवकरच ‘आम्ही’वर येतो. मंचावरही तसेच घडू द्यावे. पहिला बंद एकट्याने म्हणावा, दुसऱ्यात शेवटच्या दोन मिसऱ्यांना आणखी दोघे मिळावेत आणि पूर्वजांच्या कामगिरीपर्यंत आठही आवाज यावेत. सुरुवातीलाच आठ जण मोठ्याने बोलू लागले तर पाचव्या मिनिटाला ऐकणारा थकतो आणि पुढे आवाज वाढवायला जागाच उरत नाही.

हालचाल एकच ठेवावी आणि ती दोनदा वापरावी. ‘शिकवा’त महमूद आणि अयाज, म्हणजे बादशाह आणि गुलाम, एका सफमध्ये उभे राहतात तो बंद सर्वांना ठाऊक आहे. त्याआधी आठ जण मंचावर विखुरलेले असावेत. बंद सुरू झाला की एकेक जण चालत यावा आणि शेवटच्या दोन मिसऱ्यांना खांद्याला खांदा लावून एक रांग व्हावी. रांग पुरेशी आहे. रुकू-सजद्याची नक्कल करू नये, नमाज हा अभिनयाचा विषय नाही. पुढे ‘जवाब’मध्ये गरिबांचा बंद येतो. त्यातल्या पहिल्या चारही मिसऱ्यांचा शेवट ‘गरीब’ याच शब्दाने होतो. प्रत्येक मिसरा एकाने म्हणावा आणि तो शेवटचा शब्द कोरसने हळू आवाजात म्हणावा. दर वेळी रांगेतला एकेक जण मुकाट्याने बाहेर पडावा. रिकामी जागा भरायची नाही. तीन जण आणि चार मोकळ्या जागा, एवढे दिसले की निवेदकाला काही समजवावे लागत नाही.

सर्वांत नाजूक प्रश्न म्हणजे ‘जवाब’ कोणाच्या तोंडी द्यायचा? अल्लाहचे म्हणून जे शब्द येतात, ते एका मुलाला दिले तर लोक दुसऱ्या दिवशी ‘अमक्याच्या मुलाने ती भूमिका केली’ असे म्हणतील. हे होता कामा नये. कोरसचा खरा उपयोग इथे आहे. तक्रार करणारा मंचावर मान खाली घालून बसावा. बाकीचे खाली उतरून प्रेक्षकांच्या मागे दोन्ही बाजूंना उभे राहावेत आणि ‘जवाब’ तिथून, सर्वांच्या एकत्र, संथ आवाजात यावा. चेहरा दिसत नाही, एक माणूस ओळखू येत नाही. आवाज घुमवणारा माईक नको. गरिबांच्या बंदापुरते त्यांनी मंचावर येऊन रांग धरावी आणि तो संपताच सर्वांनी पुन्हा मागे जावे. ‘जवाब’च्या सुरुवातीला वृद्ध आकाश, ग्रह, चंद्र आणि आकाशगंगा एकेक मिसरा बोलतात. ते चार मिसरे चौघांनी सभागृहाच्या चार कोपऱ्यांतून म्हणावेत. फरिश्त्यांना पंख किंवा पोशाख नको. संहिता पक्की झाली की तालमीआधी मोहल्ल्यातल्या एखाद्या आलिमांना दाखवावी, म्हणजे ऐनवेळी वाद होत नाही.

मराठी अर्थ प्रत्येक बंदानंतर सांगू नये, लय तुटते. तीन-तीन बंदांमागे चार-पाच वाक्ये पुरतात. इक्बाल यांचे निधन 1938 साली झाले, त्यामुळे मूळ नज्मांवर आता स्वामित्वहक्क नाही. छापील मराठी अनुवादावर मात्र अनुवादकाचा हक्क असू शकतो, तेव्हा अर्थ आपल्याच शब्दांत लिहावा. मुलांसाठी मजकूर देवनागरीत उतरवताना क़, ख़, ग़ यांचे नुक्ते गाळू नयेत आणि श्वास कुठे घ्यायचा ती खूण आठही प्रतींत एकाच जागी करावी.

तालमीत एक परीक्षा घ्यावी. नज्म न ऐकलेल्या एखाद्याला पाठ फिरवून बसवावे आणि कोरसच्या मिसऱ्यांचे शेवटचे शब्द लिहायला सांगावेत. निम्मे चुकले तर दोष त्याच्या कानांचा नाही, आठ जण वेगवेगळ्या क्षणी शब्द संपवत आहेत. मग एकाला पुढारी नेमून त्याच्या श्वासावर सर्वांनी सुरुवात करावी आणि वेग कमी करावा.

‘जवाब’चा शेवटचा बंद रसूलुल्लाह (स.) यांच्याशी वफा राखण्याचा आहे. त्याआधी सर्वांनी मागून यावे आणि सफमधल्या रिकाम्या जागा न बोलता भराव्यात. तक्रार करणाऱ्यानेही उठून त्यांच्यात उभे राहावे. बंद संपला की लवून अभिवादन न करता सर्वांनी निघून जावे.